रोख, मोकळी उधारी की फवारणीपुरती उधारी? खरिपातल्या कृषी सेवा केंद्राचा तिपेडी हिशेब

वाशीम, हिंगोली, यवतमाळ या सोयाबीन-कापसाच्या पट्ट्यात नवं कृषी सेवा केंद्र टाकायचं म्हटलं की आधी सगळे परवान्यांबद्दल विचारतात. बियाणं, खत आणि कीटकनाशक यांचे परवाने वेगवेगळे लागतात. कीटकनाशकासाठी शिक्षणाची अट आहे आणि ज्या कंपनीचा माल विकायचा तिचं उगम प्रमाणपत्र परवान्यावर चढवून घ्यावं लागतं. हे सगळं कटकटीचं असलं तरी त्याची वाट ठरलेली आहे. दुकान टिकतं की बसतं हे ठरतं दुसऱ्याच गोष्टीवर: जूनमध्ये कोणता माल उधार दिला आणि त्याचे पैसे कोणत्या महिन्यात परत आले.

तीन पद्धती डोळ्यांसमोर ठेवू. पहिली, फक्त रोख. दुसरी, मोकळी उधारी, म्हणजे बियाण्यापासून शेवटच्या फवारणीपर्यंत सगळं खात्यावर आणि हिशेब सुगीला. तिसरी, बियाणं आणि खत रोखीनं, फवारणीची औषधं तेवढी मर्यादेत उधार. माझा कल तिसरीकडे आहे. तो का, ते आकड्यांतून दिसेल. पण पहिली पद्धत सरळ सरस ठरते अशी गावंही आहेत, त्यांच्याबद्दल शेवटी.

उधारीची किंमत घ्यायची कुठून?

किराणा किंवा कापडाच्या धंद्यात उधारीचा भाव थोडा चढवता येतो. इथे तसं करता येत नाही, कारण पिशवीवर, गोणीवर, बाटलीवर एमआरपी छापलेली असते आणि त्यावर एक रुपया जास्त घेतला तर गुन्हा होतो. बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाचा कमाल भाव तर केंद्र सरकारच ठरवतं. २०२५च्या खरिपाला तो ९०१ रुपये होता. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांची. त्यात हमाली आणि गाडीभाडं जाता हाती उरतं ते थोडकंच, आणि ते चार-पाच महिने लोकांकडे अडकून पडलं तर त्यातलंही काही उरत नाही.

म्हणून या धंद्यात रोखीचा भाव एमआरपीच्या खाली आणि उधारीचा भाव एमआरपीला, अशी रीत पडली आहे. दोन्हींमधलं अंतर हीच उधारीची किंमत. ज्या मालात हे अंतर नाही तो माल उधार द्यायचा नाही, एवढा एकच नियम पाळला तरी युरिया आणि डीएपी उधारीतून आपोआप बाहेर पडतात. कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक, विद्राव्य खतं यांत मात्र जागा असते.

युरियाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. अनुदानाच्या खताची विक्री पॉस मशीनवर, शेतकऱ्याच्या आधारवर नोंदवावी लागते. 'आत्ता गोणी न्या, अंगठा नंतर देऊ' असं चाललं की मशीनमधला साठा आणि गोदामातला साठा जुळत नाही. तपासणीला आलेला खत निरीक्षक नेमकं तेच पाहतो. उधारीच्या गडबडीत हा घोळ फार होतो.

एका दुकानाचा हिशेब

मोठ्या गावातलं एक दुकान घेऊ. मालकाचं स्वतःचं भांडवल १२ लाख. खालचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. आपल्या गावाप्रमाणे बदलून पाहावेत, मांडणी तीच राहील.

मोकळ्या उधारीत खरिपाची विक्री ४० लाखांची धरू: बियाणं १२ लाख, खत १४ लाख, औषधं १४ लाख. बियाण्यात ८ टक्के, खतात सरासरी ४ टक्के आणि औषधात १५ टक्के सुटले तर ठोक नफा ३ लाख ६२ हजार होतो. याच गावात फक्त रोखीवर बसलं तर गिऱ्हाईक कमी येतं आणि जे येतं ते भाव पाडून मागतं. तेव्हा विक्री २४ लाख (बियाणं ८, खत १०, औषधं ६) आणि नफ्याचे टक्के ६, ४, १० धरू. नफा होतो १ लाख ४८ हजार. तिसऱ्या पद्धतीत विक्री ३१ लाख (बियाणं ९, खत १२, औषधं १०) आणि टक्के ७, ४, १४. नफा २ लाख ५१ हजार.

इथपर्यंत मोकळी उधारी सगळ्यांच्या पुढे आहे, आणि बहुतेक जण हिशेब इथेच थांबवतात.

आता पैसा किती महिने बाहेर राहतो ते पाहू. मोकळ्या उधारीत ४० पैकी ३० लाख खात्यावर जातात. सरासरी विक्री जुलैच्या मध्याला झाली असं मानू. त्यातले १८ लाख दिवाळीच्या सुमाराला, म्हणजे चार महिन्यांनी आले. साडेसात लाख संक्रांत उलटल्यावर आले, ३ लाख पाडव्याला आले आणि दीड लाख अडकून पडले. पैशाला महिना १ टक्का धरला तर व्याज १ लाख ६४ हजारांच्या आसपास जातं. अर्ध्या मालावर कंपनीची दोन महिन्यांची उधारी मिळाली तर त्यातले ३० हजार वाचतात आणि राहतात १ लाख ३४ हजार.

तिसऱ्या पद्धतीत उधार जातात फक्त औषधांचे ७ लाख, तेही जुलै ते सप्टेंबरमध्ये. ते तीन ते साडेपाच महिन्यांत परत येतात. कंपनीची उधारी वजा जाता व्याज फक्त १२ हजार. शिवाय बियाण्याचे पैसे रोख आल्यामुळे कंपनीला आगाऊ भरून ३ टक्के सूट घेता येते. रोखीच्या दुकानाला ती बियाणं आणि औषधं या दोन्हींवर मिळते.

| बाब (लाख रुपये) | फक्त रोख | मोकळी उधारी | फवारणीपुरती उधारी |
|---|---|---|---|
| खरिपाची विक्री | २४ | ४० | ३१ |
| ठोक नफा | १.४८ | ३.६२ | २.५१ |
| आगाऊ भरण्याची सूट | ०.३९ | ० | ०.२५ |
| उधारीवरचं व्याज | ० | १.३४ | ०.१२ |
| बुडीत (उधारीच्या ५ टक्के) | ० | १.५० | ०.३५ |
| हाती उरलं | १.८७ | ०.७८ | २.२९ |

दुकानाचं भाडं, पोऱ्याचा पगार आणि वीज यातून अजून जायची आहे. वसुलीला फिरण्याचं पेट्रोलही धरलेलं नाही, आणि ते दुसऱ्या रकान्यात सर्वात जास्त लागतं.

या तक्त्यात एक गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. मोकळ्या उधारीत एक रुपयाही बुडाला नाही असं धरलं तरी हाती उरतात २.२८ लाख. तिसऱ्या पद्धतीत ५ टक्के बुडीत धरूनही जवळपास तेवढेच उरतात. आणि रोखीच्या दुकानाच्या पुढे जायचं तर ३० लाखांच्या उधारीत ४१ हजारांपेक्षा जास्त बुडून चालत नाही. एक मोठं खातं बुडालं की तेवढे गेलेच.

मोठी उधारी कोण मागतं?

पीककर्ज नियमित फेडणाऱ्या शेतकऱ्याचं मे-जूनमध्ये नवं-जुनं होतं आणि पेरणीला त्याच्या हातात पैसा असतो. हा माणूस बियाणं रोखीनं घेतो, चार दुकानं फिरून घेतो. ज्याचं बँकेत थकलं आहे त्याला नवं कर्ज मिळत नाही, आणि तो आपल्या दारात येतो. म्हणजे मोकळ्या उधारीची पाटी लावली की बँकेनं ज्यांना परत पाठवलं तेच आधी येतात. त्यात त्यांचा दोष असतोच असं नाही. एका वर्षी पाऊस गेला की चांगला शेतकरीही थकबाकीदार होतो. पण त्याचं संकट आपल्या १२ लाखांवर पेलायचं का, हे दुकान उघडण्याआधीच ठरवायला हवं. सरकारी कर्जमाफी बँकेच्या पीककर्जाला लागते, दुकानाच्या खात्याला नाही.

फवारणीच्या उधारीचा खरा फायदा इथे आहे. बियाणं देताना शेतात फक्त माती असते. फवारणीचं औषध देताना पीक उभं असतं, ते जाऊन पाहता येतं. वीस-पंचवीस दिवसांच्या सोयाबीनची झाडांची संख्या पाहिली तरी या खात्यावर किती पुढे जायचं त्याचा अंदाज येतो. मर्यादा एकरावर बांधावी. माझ्या मते सोयाबीनला एकरी अडीच हजार आणि कपाशीला चार हजार पुरेत. सरासरी खातं १५ हजारांच्या आत राहतं आणि ७ लाखांची उधारी पन्नासेक खात्यांत बसते. पन्नास माणसांकडे एकटा मालक जाऊ शकतो. मोकळ्या उधारीतली सव्वाशे खाती एका माणसाच्या आवाक्यात राहत नाहीत.

बियाणं रोखीनंच द्यावं याला आणखी एक कारण आहे. सोयाबीन उगवलं नाही, किंवा पावसानं दडी मारली आणि दुबार पेरणी आली, की उधार नेलेल्या बियाण्याचे पैसे सहसा येत नाहीत. वर पूर्ण खात्यावरच वाद सुरू होतो. खरी तक्रार असेल तर ती तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाते आणि शेतावर पंचनामा होतो. त्यासाठी बिलावर वाण आणि लॉट नंबर असायलाच हवा. चिठ्ठीवर माल देणारा दुकानदार अशा वेळी कंपनीकडे बोट दाखवू शकत नाही.

कंपनीच्या अटी

कंपनीचा माणूस फेब्रुवारी-मार्चमध्ये योजना घेऊन येतो. आगाऊ बुकिंगवर सूट, ठरावीक उलाढालीवर क्रेडिट नोट, कधी परदेश दौरा. दौऱ्याच्या मोहात गरजेपेक्षा दीडपट माल उचललेली दुकानं प्रत्येक तालुक्यात सापडतील. योजनेतले तीन आकडे लेखी मागावेत: उधारीचे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजणार की माल पोचल्यापासून, मुदत टळल्यावर व्याज किती, आणि क्रेडिट नोट कोणत्या महिन्यात खात्यावर पडणार. शेवटचा आकडा तोंडी 'दिवाळीपर्यंत' असतो आणि प्रत्यक्षात तो पुढच्या मार्चपर्यंत लांबू शकतो.

तारखा शेजारी-शेजारी मांडल्या की अडचण लक्षात येते. मेमध्ये ६० किंवा ९० दिवसांवर घेतलेलं बियाणं जुलै-ऑगस्टमध्ये देय होतं. जुलैतली औषधं सप्टेंबरमध्ये. सोयाबीन बाजारात येतं ऑक्टोबरमध्ये, आणि कापसाचा पैसा त्याच्याही नंतर. मोकळ्या उधारीत ही दोन-तीन महिन्यांची फट स्वतःच्या पैशानं किंवा बँकेच्या सीसीनं भरावी लागते. सीसीचीही एक खोच आहे. बँक दर महिन्याला साठ्याचं आणि येणं बाकीचं पत्रक मागते आणि साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जुनी उधारी त्यात धरत नाही. म्हणजे जूनची उधारी सप्टेंबरअखेर त्या पत्रकातून गळते आणि पैसे उचलण्याची मर्यादा खाली येते, तेही कंपन्यांचे फोन सुरू होतात त्याच महिन्यात. जीएसटीचा नियमही लक्षात ठेवावा: पुरवठादाराचं बिल १८० दिवसांत चुकतं केलं नाही तर त्यावर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. औषधांवर १८ टक्के कर आहे, तेव्हा ही रक्कम लहान नसते.

कोरे सही केलेले चेक अनामत म्हणून मागितले जातात. टाळता आले तर टाळावेत. नाहीच जमलं तर चेकचे नंबर लिहिलेली पोच घ्यावी.

आणि लिंकिंग. डीएपी किंवा युरियाची गाडी हवी असेल तर सोबत न खपणारं दुसरं उत्पादन घ्या, असा आग्रह होतो. नियमात ते बसत नाही, तरी चालतं. लिंकिंगचा माल शेवटी उधारीवरच खपवला जातो, कारण तो रोखीनं कुणी घेत नाही. पडून राहणाऱ्या मालाची किंमत त्या गाडीच्या नफ्यातून वजा करून पाहिली तर कित्येकदा गाडी सोडून देणं परवडतं.

हंगामाचा साठा

सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करा, असा सल्ला कृषी विभाग देतो, आणि तसा पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत गावाची पेरणी उरकते. तेवढ्या दिवसांत जे खपलं ते खपलं. उरलेल्या मालाचं काय होतं ते मात्र मालागणिक वेगळं आहे.

कपाशीची पाकिटं बहुतेक कंपन्या हंगाम संपल्यावर परत घेतात, फक्त तारीख पाळावी लागते. सोयाबीनचं तसं नाही. त्याच्या दाण्याचं साल नाजूक असतं, उगवण झपाट्यानं उतरते, आणि कायद्यानं ती किमान ७० टक्के लागते. उरलेली पिशवी पुढच्या खरिपाला चालेल याचा भरवसा नाही, आणि औषध चोळलेलं बियाणं धान्य म्हणून विकणं तर धोक्याचंच. म्हणून सोयाबीन मेमध्येच शेतकऱ्याकडून पिशवीमागे चार-पाचशे इसार घेऊन बुक करावं आणि त्याच्या वर फार तर दहा टक्के ठेवावं. परतीची अट बिलावर लिहून मिळत नसेल तर तेवढेही नकोत. मोकळ्या उधारीच्या दुकानात इसार कुणी देत नाही, त्यामुळे मागणीचा अंदाजही येत नाही. रोखीच्या आणि तिसऱ्या पद्धतीच्या दुकानाला हा फायदा फुकट मिळतो.

औषधांत वाणसंख्या हाच साठ्याचा शत्रू. एकाच घटकाची सहा कंपन्यांची सहा नावं कपाटात असतात. इमामेक्टिन बेंझोएट दोन कंपन्यांचं पुरतं, एक महाग आणि एक परवडणारं. तणनाशकाला तर उगवणीनंतर दोन-तीन आठवड्यांचाच काळ असतो. तो गेला की पेटी वर्षभर हलत नाही. मुदत संपलेलं औषध विक्रीच्या मालातून वेगळं काढून, 'विक्रीसाठी नाही' असं लिहून ठेवावं लागतं. दर महिन्याला कपाटावरून नजर फिरवून सहा महिन्यांत मुदत संपणारा माल पुढे आणला तर ती वेळ सहसा येत नाही.

वसुली

सोयाबीन विकून आलेला पैसा ठरलेल्या क्रमानं जातो: मळणीयंत्राचं भाडं, सोंगणीची मजुरी, दिवाळी, हरभऱ्याचं बियाणं. दुकानदार या रांगेत शेवटी उभा असतो, आणि 'दिवाळी झाल्यावर येतो म्हणाले' असं म्हणणाऱ्याचा नंबर फेब्रुवारीत लागतो. मागणीचा योग्य दिवस म्हणजे शेतात मळणीयंत्र लागतं तो. त्या आठवड्यात घरी जाऊन हिशेबाचा कागद हातात द्यावा, आवाज न चढवता. "काका, माल कधी नेताय बाजारात?" एवढा प्रश्न पुरतो.

दुसरा लगाम रब्बीचा. खरिपाच्या खात्यातले निदान तीन हिस्से जमा झाल्याशिवाय हरभऱ्याची फवारणी खात्यावर नाही, हे जूनमध्येच सांगून ठेवावं. मोकळ्या उधारीवाल्याला हे जमत नाही. त्याची रक्कम एवढी मोठी असते की गिऱ्हाईक तुटलं तर तीही जाईल अशी भीती वाटते, आणि तो आणखी देत जातो.

कागद सोपा ठेवावा. प्रत्येक उधार बिलावर शेतकऱ्याची सही आणि दसऱ्याच्या आसपास एकूण बाकी मान्य असल्याची सही. मुदत कायद्यानुसार विकलेल्या मालाच्या पैशासाठी तीन वर्षांत दावा करावा लागतो. ती मुदत संपण्याआधी बाकी मान्य केल्याची लेखी सही मिळाली, किंवा काही रक्कम सहीनिशी जमा झाली, तर तीन वर्षं नव्यानं मोजली जातात. चेक घेतला आणि तो परतला, तर बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते. पुढे १५ दिवस पैसे भरायला आणि त्यानंतर महिन्याभरात न्यायालयात तक्रार. यातली एक तारीख हुकली की कलम १३८चा मार्ग अवघड होऊन बसतो.

दोन गोष्टी मात्र मुळीच करू नयेत. अडचणीत असलेल्या गिऱ्हाइकाला व्याजानं नगद पैसे देणं, आणि उधारीपोटी जमिनीचा कागद करून घेणं. महाराष्ट्रात २०१४चा सावकारी कायदा आहे. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि सावकारीतून गेलेली जमीन परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात. १५ हजारांच्या औषधापायी त्या वाटेला जाऊ नये.

काही दुकानदार स्वतःच शेतमाल घेतात आणि उधारी त्यातून वळती करतात. वसुली पक्की होते, हे खरं. पण त्यासाठी बाजार समितीचा वेगळा परवाना लागतो, ओलावा आणि वजनावरून कुरबुर होते, आणि सोयाबीनचा भाव पडला की तोटा दोन्हीकडून बसतो. दुकानाची पहिली तीन-चार वर्षं तरी याच्या नादी लागू नये.

रोखीचं दुकान कुठे सरस?

तालुक्याच्या ठिकाणी, बाजार समितीच्या रस्त्यावर जागा मिळत असेल तर. तिथे गिऱ्हाईक चाळीस गावांचं असतं, ओळख नसते, शेतावर जाऊन पीक पाहणं शक्य नसतं. मर्यादा बांधायला जी माहिती लागते तीच नसेल तर तिसरी पद्धत नावापुरती राहते आणि उधारी मोकळी होऊन बसते. भांडवल पाच-सहा लाखांचं असेल तरीही रोखच. विक्री कमी दिसेल, पण आगाऊ भरण्याची सूट पदरात पडते आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीचं देणं नसतं.

उलट, गावात आधीचं दुकान सरसकट उधारी देत असेल तर नव्यानं त्याच्याशी उधारीत स्पर्धा करू नये. त्याची चांगली, वेळेवर फेडणारी वीस-पंचवीस खाती एमआरपीला माल घेत असतात आणि बुडवणाऱ्यांचा भार त्यांच्यावर पडतो. त्यांना औषध एमआरपीपेक्षा आठ-दहा टक्के कमी दरानं, रोखीत द्यावं. ती आधी इकडे येतील. जुन्या दुकानातल्या बाकीच्या खात्यांना निदान एक पूर्ण हंगाम आपल्या वहीत जागा देऊ नये.